गुजराती कादंबरी वाचताना अडलेले शब्द : किती सोडायचे, कुठे थांबायचं?

मेधा_बोरिवली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण प्रश्न नुसता विचारला तर नेमका कळणार नाही.

मी गेली अकरा वर्षं मूळजी जेठा मार्केटमध्ये एका कापडाच्या पेढीवर हिशेब बघते. त्यामुळे गुजराती कानावर रोज पडतं आणि भाव, उधारी, माल कधी येणार एवढं बोलताही येतं. पण पेढीवरची मंडळी घरच्या गोष्टी बोलायला लागली की माझ्या हाती निम्मंच लागतं. रुसवेफुगवे, आजारपण, लग्नाच्या बोलाचाली यांचे शब्द हिशेबाच्या वहीत कुठून येणार? म्हणून दिवाळीनंतर प्रिन्सेस स्ट्रीटवरून एक जाडजूड सामाजिक कादंबरी घेऊन आले. ५२० पानं, दोन पिढ्यांची गोष्ट, आधी सौराष्ट्रातलं गाव आणि मग मुंबई. लिपी आठवड्याभरात जमली. शिरोरेखा नसते एवढंच, बाकी दुकानांच्या पाट्या वाचून निम्मी आधीच येत होती. तरी घ आणि ध यांत अजून गफलत होते.

वाचण्याचा नियम असा ठेवलाय : ८.१२च्या गाडीत बोरिवली ते चर्चगेट फक्त पुस्तक आणि पेन्सिल. शब्द अडला की समासात एक ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. अर्थ बघण्यासाठी मोबाइल काढायचा नाही. प्रकरण संपल्यावर घरी ठिपके चाळायचे आणि जो शब्द तीनदा किंवा जास्त वेळा आलाय तेवढाच कोशात बघायचा.

पहिल्या वीस पानांत पानाला सरासरी २७ ठिपके होते. पानावर साधारण ३०० शब्द असतात. आता मी १६०व्या पानावर आहे आणि ठिपके १४वर आलेत. म्हणजे काहीतरी होतंय. 'मूंझवण' हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा काही बोध झाला नाही. दुसऱ्यांदा बाई दोन चुलत्यांच्या भांडणात कोणाची बाजू घ्यावी या विचारात होती तिथे आला, तिसऱ्यांदा मुलगा नोकरी की शेती ठरवू शकत नव्हता तिथे. कोश उघडायच्या आधीच कळलं की हा मनाचा गोंधळ, काय करावं ते न सुचणं. तो शब्द आता माझा झाला.

पण परवा मात्र पोटात गोळा आला. 'वांक' हा शब्द दुसऱ्या प्रकरणापासून येतोय आणि मी त्याला ठिपकासुद्धा दिला नव्हता, कारण मला तो येतो असंच वाटत होतं. वाक, वाकणं. सासू रागावते तेव्हा शेजारीण म्हणते, 'एमां वहुनो शो वांक?' मी वाचलं, यात सुनेने काय म्हणून वाकायचं? प्रसंगाला चपखल बसलं. पुढे चार-पाच ठिकाणीही बसलं. १५२व्या पानावर नवरा एकटाच बसून म्हणतो, 'वांक मारो ज छे.' तिथे काही केल्या बसेना. कोश उघडला तर वांक म्हणजे दोष, चूक. यात सुनेचा काय दोष, असं ती शेजारीण म्हणत होती. दीडशे पानं मी एका कुटुंबातला दोषारोप हा मानापमान समजून वाचत होते.

तर प्रश्न हा की न अडलेल्या शब्दांचं काय करायचं? आणि ठिपके सोडून पुढे जाणं कुठवर योग्य?

स्वप्नील_दादर

ताई, तुम्ही फारच विचार करताय. कोश अजिबात उघडू नका, तीनदा आलेल्या शब्दालाही नाही. आपण लहानपणी मराठी शिकलो तेव्हा कुठे कोश होता? मी तमिळ सिनेमे असेच बघत शिकलो. संदर्भातून सगळं आपोआप कळतं. वांकसुद्धा तुम्हाला शेवटी संदर्भानेच कळला ना.

रेवती_ठाणे

छान विषय मेधाताई. माझा मुलगा नववीत आहे, इंग्रजी माध्यम. त्याला जाड कादंबऱ्या वाचायला द्यायच्या आहेत म्हणजे शब्दसंग्रह वाढेल. चांगली यादी मिळेल का? तो कठीण शब्द आला की लगेच मोबाइलवर बघतो आणि मग मोबाइलवरच राहतो.

दत्ता_गिरगाव

मेधा, लिहिलंस ते फार आवडलं. मी तीसेक वर्षं गुजरातीतून मराठीत भाषांतरं करतो आहे, तेव्हा थोडं तपशिलात सांगतो.

आधी स्वप्नीलसाठी. संदर्भातून कळतं हे खरं, पण संदर्भ स्वतः कळलेला असेल तरच. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ आहेत. त्यांनी आणि हू यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट दिली आणि तिच्यातले काही शब्द काढून त्या जागी बनावट, अर्थहीन शब्द घातले. शंभरातले वीस शब्द बनावट असताना एकालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. पाच बनावट असतानाही थोड्यांनाच समजली. आधाराशिवाय नीट कळायला शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत असा त्यांनी हिशेब मांडला. म्हणजे तुझ्या ३०० शब्दांच्या पानावर सहा ठिपके. तू २७वर सुरुवात केलीस. एखाद्या परक्या भाषेत इतके ठिपके असते तर तू चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटलं असतंस.

मग तू टिकलीस कशी? कारण ही गुजराती आहे. ठपको पहिल्यांदा दिसला तरी मराठी माणसाला ठपका कळतो. उंबरो, ओसरी, आंगणुं हे तर आपल्याच घरातले. 'रिसाई गई' वाचून रुसली हे तू कोशाशिवाय ओळखलं असशील. तुझ्या २७ ठिपक्यांतले बरेच अर्धे ठिपके होते.

पण जी सोय आहे तीच फसवते. भगिनीभाषेत न कळणारा शब्द तितका घात करत नाही, कारण तिथे आपण सावध असतो. घात करतो तो कळल्यासारखा वाटणारा. वांक हे त्याचं चांगलं उदाहरण आहे, पण नामं तरी कधी ना कधी उघडी पडतात. मला जास्त काळजी वाटते ती बारक्या जोडशब्दांची, म्हणजे वाक्यं एकमेकांना जोडणाऱ्या शब्दांची. 'छतां' हा तू कसा वाचतेस?

मेधा_बोरिवली

दत्ताकाका, छतां मी सोडूनच देत होते. एक-दोनदा छप्पर वाटलं, मग जुळेना म्हणून ठिपका दिला. नंतर इतक्या वेळा आला की डोळ्यांना दिसेनासा झाला. कोश बघितला नाही, कारण नियमाप्रमाणे घरी यादी करताना मी नामं आणि क्रियापदंच उतरवत होते. बारके शब्द यादीत घेतलेच नाहीत.

दत्ता_गिरगाव

तिथेच गोम आहे. छतां म्हणजे तरीही, असूनही. 'गरीब छतां' म्हणजे गरीब असूनही. तो गळला की 'तो गरीब होता छतां त्याने पैसे घेतले नाहीत' हे वाक्य नुसती माहिती होऊन बसतं, त्यातली अढी निघून जाते. तसाच मांड. आपल्याला मांड म्हणजे बसण्याची पकड, पण त्यांचं मांड म्हणजे जेमतेम, कसंबसं. 'मांड पहोंच्यो' म्हणजे तो कसाबसा पोहोचला. हवे म्हणजे आता, पाहिजे नव्हे. वळी म्हणजे शिवाय, आणखी. ही मंडळी दर पानावर चार-दोनदा भेटतात आणि गोष्ट कोणत्या दिशेला वळली ते तीच सांगतात.

म्हणून माझी पद्धत तुझ्यापेक्षा थोडी निराळी आहे. झाडांची नावं, दागिने, भांडीकुंडी, कापडाचे प्रकार यांना मी ठिपकासुद्धा देत नाही. एक झाड आहे एवढं पुरतं. बारके जोडशब्द मात्र पहिल्या तीस पानांत सगळे कोशात बघून घेतो, तिसऱ्या वेळेची वाट बघत नाही. ते एकूण पन्नास-साठच असतात, एका रविवारचं काम. आणि मधले जे उरतात, म्हणजे भावनांचे, वागण्याबोलण्याचे शब्द, त्यांना तुझा तीनदाचा नियम उत्तम आहे.

घसरण कशी ओळखायची तेही सांगतो. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून स्वतःला तीन वाक्यांत सांगायचं : कोणी, काय केलं, का केलं. कोणी आणि काय हे नामा-क्रियापदांवरून नेहमीच सांगता येतं. 'का' सांगता आलं नाही तर ते प्रकरण कोश घेऊन पुन्हा वाचायचं. लागोपाठ दोन-तीन प्रकरणांत 'का' हरवला तर पुस्तक वर्षभर बाजूला ठेवायचं, दुसरं सोपं घ्यायचं.

हेतल_मुलुंड

मी जन्माने गुजराती, शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे तुमच्या उलट दिशेने आले आहे. मराठी कादंबऱ्या वाचताना मला 'शिळा' फार छळायचा. शिळा भात आणि दगडाची शिळा एकाच पानावर आले होते.

मेधा, एक सांगते म्हणजे जीव हलका होईल. सौराष्ट्रातल्या गावावरची कादंबरी असेल तर त्यातले बरेच शब्द मलाही येत नाहीत. डेली म्हणजे घराचं बाहेरचं मोठं दार आणि त्यामागची बसायची जागा, हे मला आईने सांगितलं, मुलुंडच्या इमारतीत डेली कुठली? ढोलियो, नेवां हे मी पुस्तकातूनच शिकले. तेव्हा पानावरचे दोन-तीन ठिपके गुजराती वाचकाचेही असतात असं धरून चाल.

ओरडो बघितलास का? 'ओरडामां' म्हणजे खोलीत. माझ्या मराठी मैत्रिणीने आरडाओरड्यात असं वाचलं होतं.

मेधा_बोरिवली

हेतल, ओरडो मला लवकर सापडला, कारण 'ओरडामां दीवो बळतो हतो' असं होतं. ओरड्यात दिवा कसा जळेल? तिथे लगेच थांबले. वांकच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण माझा चुकीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी थोडाफार बसत होता. चुकीचा अंदाज वाक्यात अजिबात बसला नाही तर आपण बचावतो, अर्धवट बसला तर फसतो, असं मला आता दिसतंय.

कौस्तुभ_म

एक शंका. ठिपके २७वरून १४वर आले म्हणून शब्द वाढले हे कशावरून? तीन कारणं असू शकतात. एक, खरंच शब्द आले. दोन, ठिपके द्यायचा कंटाळा आला, छतांसारखे शब्द दिसेनासे झाले. तीन, त्या लेखकाचे ठरावीक शब्द तुम्हाला सवयीचे झाले, बाहेर त्यांचा उपयोग किती ते माहीत नाही. एकाच कादंबरीत मोजलेला आकडा ही तिन्ही वेगळी करून दाखवत नाही.

मुकुंद_परळ

एवढा खटाटोप कशाला? रोज 'मुंबई समाचार' घ्या. १८२२पासून निघतोय, आशियातलं सगळ्यात जुनं चालू वर्तमानपत्र आपल्या फोर्टमध्ये आहे. छोट्या बातम्या, रोज नवे विषय, रोज नवे शब्द.

दत्ता_गिरगाव

मुकुंदराव, वर्तमानपत्र जरूर वाचावं, पण रोज नवे शब्द हीच इथे अडचण आहे. आज शेअर बाजार, उद्या पाऊस, परवा निवडणूक. शब्द एकदा भेटतो आणि पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. नुसत्या वाचनातून शब्द पक्का व्हायला तो आठ-दहा वेळा तरी, आणि फार अंतर न पडता भेटावा लागतो. लांब कादंबरीत तीच माणसं, तेच घर, तीच भांडणं, म्हणून तेच शब्द पुन्हा पुन्हा. मेधाला मूंझवण भेटली ती पात्रं सतत मूंझवणीत होती म्हणून. म्हणूनच मी मराठी वाचकांना कन्हैयालाल मुनशींची पाटणवरची तीन कादंबऱ्यांची मालिका सुचवतो. पहिल्या पुस्तकात दरबाराचे, लढाईचे शब्द जड जातात, पण पुढच्या पुस्तकांत तेच दरबार आणि बरीचशी तीच माणसं असतात, तेव्हा आधीची मेहनत वाया जात नाही.

कौस्तुभचा मुद्दा मात्र अगदी रास्त आहे. मेधा, दुसऱ्या लेखकाचं एखादं पुस्तक घे, मधलं कुठलंही पान उघड आणि तिथे ठिपके मोज.

रेवती_ठाणे

माझ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का? यादी?

हेतल_मुलुंड

रेवतीताई, यादीपेक्षा आधी मुलाच्या आवडीच्या कुठल्याही पुस्तकाचं एक पान त्याच्याकडून वाचून घ्या आणि न आलेले शब्द मोजायला सांगा. पाच-सहा असतील तर पुस्तक द्या आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वीस असतील तर ते पुस्तक आत्ता नको. इंग्रजीत त्याला ठपकोसारखी मराठीची मदत मिळणार नाही, त्यामुळे मेधाचे २७ त्याला झेपणार नाहीत.

मेधा_बोरिवली

बरोबर पाच आठवड्यांनी परत येतेय. दत्ताकाकांनी सांगितलं तसं केलं.

पहिल्या रविवारी सगळे जोडशब्द एका कागदावर उतरवले, ५३ निघाले. कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवला. मग पहिली चार प्रकरणं पुन्हा वाचली. काय सांगू, सासू बदलली! आधी मला ती सरळसरळ दुष्ट वाटली होती. आता दिसलं की ती दर वेळी सुनेला बोलते छतां रात्री तिच्यासाठी ताट झाकून ठेवते. तो छतां मी गाळला होता, त्यामुळे बोलणं आणि ताट या दोन सुट्या गोष्टी झाल्या होत्या.

आता कौस्तुभसाठी आकडे. मी ३४०व्या पानावर आहे, ठिपके पानाला ९. या वेळी जोडशब्दांनाही न चुकता ठिपका दिला. मग पेढीवरच्या एका काकांकडून दुसऱ्या लेखकाची कादंबरी मागून आणली, मधली पाच पानं वाचली. सरासरी १७. म्हणजे तिन्ही कारणं थोडी थोडी खरी असावीत. पण दिवाळीत तीच पाच पानं मोजली नव्हती, तेव्हा तिथे किती आले असते ते आता कळायला मार्ग नाही.

अजून एक केलं. तीनदा आले म्हणून कोशात बघितलेल्या शब्दांपैकी ३० शब्द भाच्याकडून विचारून घेतले. नुसता शब्द ऐकून अर्थ १९चा आला. वाक्य वाचून दाखवल्यावर २६चा. आणि पेढीवर बोलताना मी त्यातले आपणहून वापरलेले शब्द मोजले तर चार. वांक, मूंझवण, मांड आणि मोडुं. मोडुं म्हणजे उशीर, तो तर गाडी चुकली की रोज लागतो.

कौस्तुभ_म

हे उत्तम केलंत. १९ आणि २६ यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. शब्द वाक्याच्या आधाराने ओळखता येतो, एकटा उभा राहिला की येत नाही. वाचनासाठी २६ हाच आकडा धरावा, बोलण्यासाठी चार. आता वहीत लिहून पाठ केले असते तर चाराचे किती झाले असते?

स्वप्नील_दादर

माझं मत थोडं बदललं. जोडशब्दांचा मुद्दा पटला. सिनेमात चेहरे दिसतात, 'तरीही' चेहऱ्यावरूनच कळतं. पुस्तकात ते नसतं.

दत्ता_गिरगाव

वहीच्या बाबतीत मी प्रकरणाला पाच शब्दांच्या पुढे जात नाही, आणि तेही शब्द सुटा न लिहिता ज्या वाक्यात भेटला ते वाक्यच उतरवतो. 'एमां वहुनो शो वांक' हे वाक्य मेधा जन्मात विसरणार नाही. अर्थाच्या रकान्याची गरजच काय?

कोशाबद्दलही सांगतो. सुरुवातीला गुजराती-इंग्रजी चालेल, त्यासाठी gujaratilexicon.com सोपं आहे. पण दोनशे पानं झाली की गुजरातीतून गुजराती अर्थ देणारा कोश घ्यावा. गुजरात विद्यापीठाचा सार्थ जोडणीकोश आहे, पहिली आवृत्ती १९२९ची. आणि गावाकडचे, जुने शब्द अडले तर गोंडलच्या महाराज भगवतसिंहजींचा भगवद्गोमंडल, नऊ खंड, १९४४ ते १९५५. एक शब्द बघायला गेलं की अर्थ सांगणारे आणखी चार शब्द कळतात, तेही वाचनच.

हेतल_मुलुंड

वहीबद्दल मी सहमत नाही काका. मराठी वाचताना मी वही ठेवली होती आणि तिच्या नादात गोष्ट सुटायची, वाक्य उतरवायला गाडीत हात रिकामा नसायचा. वही टाकली तेव्हाच मी लांब पुस्तकं पुरी करायला लागले. दोन्ही प्रकारची माणसं असतात बहुतेक.

मेधा_बोरिवली

मी सध्या मधला मार्ग धरलाय, वाक्य उतरवते पण फक्त रविवारी. बघू.

हेतल, एक अडलंय. ३४३व्या पानावर बाई 'करा पासे ऊभी हती' असं आहे. करा जवळ उभी होती. मी आधी 'करा' म्हणजे काहीतरी कर असं वाचून पुढे गेले होते, मग आठवलं, ओळखीचा वाटणारा शब्द, थांब. याआधी दोनदा 'करो' येऊन गेलाय, दोन्ही वेळा घराच्या वर्णनात. एकदा त्याच्यावर पावसाची ओल चढली होती. भिंतीचाच काही प्रकार असावा असा माझा अंदाज आहे, पण ओसरीजवळची, मागची की बाजूची ते उमगत नाही. आणि ती तिथे का उभी आहे ते त्यावरच ठरतं, कारण आत नवरा आणि सासरे बोलतायत.

हेतल_मुलुंड

मला नाही येत गं. आईला विचारलं, ती म्हणते भिंतच, पण कुठली ते तिलाही सांगता येईना, ती मुंबईतच वाढली. रात्री राजकोटला फोईंना, म्हणजे आत्यांना, फोन लावते.

हेतल_मुलुंड

फोई म्हणाल्या घराची बाजूची भिंत, उतरत्या छपराच्या घराला दोन बाजूंना असतात त्यातली. त्या भिंतीशी उभं राहिलं तर आतलं ऐकू येतं का, तर म्हणाल्या, भिंत मातीची की दगडाची त्यावर आहे. पुस्तकात दिलंय का बघ.

मेधा_बोरिवली

पहिल्या प्रकरणात घराचं वर्णन आहे. आज परतीच्या गाडीत उघडते.